पूर्तता दर आणि आवर्तन सेवा पातळी

पूर्तता दर आणि आवर्तन सेवा पातळी ही साठा व्यवस्थापनात वापरली जाणारी सेवेची दोन भिन्न मापे आहेत. एखाद्या वस्तूच्या एकूण मागणीपैकी किती हिस्सा हातातील साठ्यातून तत्काळ भागवला गेला, हे पूर्तता दर सांगतो. माल मागवण्याच्या एकूण आवर्तनांपैकी किती आवर्तने एकदाही तुटवडा न पडता पार पडली, हे आवर्तन सेवा पातळी सांगते. उद्योगव्यवहारात पहिल्या मापाला फिल रेट आणि दुसऱ्याला सायकल सर्व्हिस लेव्हल असे म्हटले जाते. दोन्ही मापे टक्क्यांत सांगितली जात असल्याने त्यांची वारंवार गल्लत होते. 'आम्हाला ९५ टक्के सेवा हवी' या एकाच वाक्यातून, कोणते माप अभिप्रेत आहे त्यानुसार, अगदी वेगवेगळे साठे निष्पन्न होतात.

दोन मापांना जोडणारा दुवा म्हणजे दर आवर्तनातील अपेक्षित तुटवडा. पुरवठा कालावधीतील मागणी प्रसामान्य वितरणानुसार बदलते असे मानल्यास हा तुटवडा प्रसामान्य हानी फलनाच्या साहाय्याने काढता येतो.

## उदाहरणाची पार्श्वभूमी

कोल्हापूर परिसरातील शिरोली, गोकुळ शिरगाव आणि कागल-हातकणंगले या औद्योगिक वसाहतींत लोखंडी ओतकाम करणाऱ्या फाउंड्री मोठ्या संख्येने आहेत. त्यांपैकी अनेक ठिकाणी ओल्या वाळूचे साचे वापरले जातात. अशा साच्यासाठी सिलिका वाळूत बेंटोनाइट, कोळशाची भुकटी आणि पाणी मिसळतात. बेंटोनाइट ही चिकणमाती वाळूचे कण एकमेकांना धरून ठेवते. ती नसेल तर साचा उभा राहत नाही. भारतात ओतकामासाठी लागणारे बेंटोनाइट प्रामुख्याने गुजरातमधील कच्छ जिल्ह्यातून येते. कोल्हापूरपासून हे अंतर हजार किलोमीटरांहून अधिक असल्याने माल ट्रकने मागवावा लागतो आणि मागणी नोंदवल्यापासून तो गोदामात उतरेपर्यंत काही काळ जातो.

पुढील विवेचनासाठी शिरोलीतील एक काल्पनिक व्यापारी घेतला आहे. तो लहान फाउंड्रींना ५० किलोच्या पोत्यांतून बेंटोनाइट विकतो. सर्व आकडे स्पष्टीकरणापुरते मानलेले आहेत:

- साप्ताहिक मागणी सरासरी १०० पोती, प्रमाण विचलन ३२ पोती
- पुरवठा कालावधी सरासरी २ आठवडे, प्रमाण विचलन ०.४ आठवडा, म्हणजे जवळपास तीन दिवस
- एका वेळी मागवायचा माल एक ट्रक, म्हणजे २० टन किंवा ४०० पोती

वर्षाच्या ५२ आठवड्यांत ५,२०० पोती खपतात, म्हणजे वर्षाला साधारण १३ ट्रक येतात. एका ट्रकची मागणी नोंदवण्यापासून पुढच्या ट्रकची मागणी नोंदवण्यापर्यंतच्या काळाला एक आवर्तन म्हणतात. साठा एका ठरावीक पातळीपर्यंत उतरला की व्यापारी नवा ट्रक मागवतो. या पातळीला पुनर्मागणी पातळी म्हणतात. ती पुढे `R` या अक्षराने दाखवली आहे. मागवायचे परिमाण `Q` आहे.

मागणी नोंदवल्यानंतर ट्रक पोहोचेपर्यंत `R` इतक्या पोत्यांवर भागवायचे असते, म्हणून तुटवड्याचा धोका या काळापुरताच असतो. या काळातील मागणीची सरासरी `μ` = १०० × २ = २०० पोती आहे. तिच्या चढउतारामागे दोन कारणे आहेत. एक, ग्राहकांची मागणी दर आठवड्याला बदलते. दोन, ट्रक कधी लवकर तर कधी उशिरा येतो. दोन्ही कारणे एकमेकांपासून स्वतंत्र असतील तर त्यांचे वर्ग विचलन एकत्र मिळवता येते:

```
σ² = 2 × 32² + 100² × 0.4² = 2048 + 1600 = 3648
σ ≈ 60
```

येथे लक्षात घेण्याजोगी बाब म्हणजे अनिश्चिततेचा जवळपास निम्मा वाटा ट्रकच्या अनियमिततेचा आहे. केवळ मागणीचे चढउतार मोजून सुरक्षा साठा ठरवणाऱ्या व्यापाऱ्याला `σ` ४५ इतकेच वाटेल आणि त्याचा अंदाज सुरुवातीलाच चुकेल.

## आवर्तन सेवा पातळी

पुनर्मागणी पातळी सरासरीपेक्षा जितकी वर ठेवली जाते, तितका सुरक्षा साठा असतो. तो प्रमाण विचलनाच्या पटीत लिहिल्यास `R = μ + zσ` हे सूत्र मिळते. `z` ला सुरक्षा गुणांक म्हणतात. पुरवठा कालावधीतील मागणी `R` पेक्षा अधिक न होण्याची संभाव्यता `Φ(z)` असते आणि हीच आवर्तन सेवा पातळी होय. सुरक्षा साठा शून्य असेल तर `z` = ०, आणि ही पातळी ५० टक्के येते: दर दोन ट्रकांमागे एकदा माल संपतो. ६० पोत्यांचा सुरक्षा साठा ठेवल्यास `z` = १ आणि पातळी ८४.१ टक्के होते.

या मापाची मर्यादा अशी की ते केवळ 'माल संपला की नाही' एवढेच नोंदवते. ट्रक येण्यापूर्वी दोन पोती कमी पडली काय आणि दीडशे पोती कमी पडली काय, दोन्ही वेळा ते आवर्तन सारखेच अयशस्वी ठरते. शिवाय या सूत्रात `Q` कोठेही नाही. एक ट्रक मागवला किंवा अर्धा, आवर्तन सेवा पातळी तीच राहते. वर्षभरात तुटवड्याचा प्रसंग मात्र दुप्पट वेळा ओढवू शकतो.

## अपेक्षित तुटवडा आणि हानी फलन

तुटवडा किती मोठा आहे हे मोजायचे तर प्रत्येक शक्यतेतील कमी पडलेल्या पोत्यांची सरासरी काढावी लागते. कल्पना स्पष्ट होण्यासाठी आधी एक सोपी स्थिती घेता येईल. पुरवठा कालावधीतील मागणी १५०, २०० किंवा २५० पोती यांपैकी एक आणि तिन्ही शक्यता सारख्याच असतील, तर `R` = २०० असताना तुटवडा अनुक्रमे ०, ० आणि ५० पोत्यांचा होईल. त्यांची सरासरी १६.७ पोती. पहिल्या स्थितीत उरलेली ५० पोती तिसऱ्या स्थितीतील तुटवडा भरून काढत नाहीत, हा येथील मुख्य मुद्दा आहे. सरासरी मागणी आणि हातातील माल अगदी समान असूनही सरासरी तुटवडा शून्य होत नाही.

मागणी प्रसामान्य वितरणानुसार असेल तर हीच सरासरी पुढील सूत्राने मिळते:

```
ES = σ × L(z)
L(z) = φ(z) − z × (1 − Φ(z))
```

यात `ES` म्हणजे दर आवर्तनातील अपेक्षित तुटवडा, `φ(z)` म्हणजे प्रमाणित प्रसामान्य वितरणाचे घनता फलन आणि `L(z)` म्हणजे प्रसामान्य हानी फलन. `L(z)` हा एकक नसलेला आकडा आहे. त्याला `σ` ने गुणले की उत्तर पोत्यांत येते. पूर्वी हे फलन पाठ्यपुस्तकांच्या शेवटी दिलेल्या कोष्टकांतून पाहावे लागे. संगणकावरील तक्त्यात `B1` या घरात `z` लिहिल्यास ते एका ओळीत काढता येते:

```
=NORM.S.DIST(B1,FALSE)-B1*(1-NORM.S.DIST(B1,TRUE))
```

पुनर्मागणी पातळी एका पोत्याने वाढवली तर अपेक्षित तुटवडा किती घटतो, याचे उत्तर हानी फलनाच्या रचनेतच आहे. ते अतिरिक्त पोते फक्त तुटवड्याच्या वेळीच उपयोगी पडते. म्हणून घट ही तुटवडा पडण्याच्या संभाव्यतेइतकी, म्हणजे `1 − Φ(z)` इतकी असते. सुरक्षा साठा शून्य असताना पहिले जादा पोते दर आवर्तनात सरासरी अर्ध्या पोत्याचा तुटवडा वाचवते. साठा ९९ पोत्यांवर गेल्यावर पुढचे पोते जेमतेम एकविसांश पोते वाचवते.

## पूर्तता दराची मांडणी

एका आवर्तनात सरासरी `Q` इतकी मागणी पुरवली जाते आणि त्यांपैकी `ES` इतकी पोती वेळेवर देता येत नाहीत. त्यामुळे

```
β = 1 − ES / Q
```

असा पूर्तता दर मिळतो. शिरोलीच्या उदाहरणात वेगवेगळ्या सुरक्षा साठ्यांसाठी येणारी उत्तरे अशी:

| सुरक्षा साठा | R | z | आवर्तन सेवा पातळी | L(z) | अपेक्षित तुटवडा | पूर्तता दर |
|---|---|---|---|---|---|---|
| ० | २०० | ० | ५०.०% | ०.३९८९ | २३.९ | ९४.०% |
| ३० | २३० | ०.५ | ६९.१% | ०.१९७८ | ११.९ | ९७.०% |
| ६० | २६० | १ | ८४.१% | ०.०८३३ | ५.० | ९८.८% |
| ९९ | २९९ | १.६५ | ९५.१% | ०.०२०६ | १.२ | ९९.७% |

पहिली ओळ अनेकांना अनपेक्षित वाटते. सुरक्षा साठा मुळीच नाही, निम्म्या वेळा गोदाम रिकामे होते, तरीही १०० पोत्यांपैकी ९४ पोती वेळेवर दिली जातात. याचे कारण असे की ४०० पोत्यांचा ट्रक उतरल्यावर जवळपास दोन आठवडे तुटवड्याचा प्रश्नच उद्भवत नाही. धोका आवर्तनाच्या शेवटच्या दिवसांत असतो आणि तेव्हाही सगळी मागणी नव्हे तर तिचा शेवटचा हिस्साच अडतो.

आता '९५ टक्के सेवा' या मागणीकडे पाहता येईल. ती आवर्तन सेवा पातळी मानल्यास `z` = १.६५ आणि सुरक्षा साठा ९९ पोती. ती पूर्तता दर मानल्यास दर आवर्तनात ४०० च्या ५ टक्के, म्हणजे २० पोत्यांचा तुटवडा चालतो. `L(z)` = २०/६० = ०.३३३ असायला हवे. कोष्टकात याच्या जवळचा `z` ०.१४ आहे आणि सुरक्षा साठा केवळ ८ पोती निघतो. फरक ९१ पोत्यांचा, म्हणजे साडेचार टनांहून अधिक मालाचा आहे. मात्र ८ पोत्यांच्या साठ्यावर आवर्तन सेवा पातळी ५५ टक्क्यांच्या आसपासच राहते. वर्षातील १३ आवर्तनांपैकी जवळपास सहा वेळा कोणत्या ना कोणत्या ग्राहकाला परत पाठवावे लागते. कागदावरचा ९५ टक्क्यांचा आकडा खरा असूनही ग्राहकांचा अनुभव 'यांच्याकडे माल नेहमीच संपलेला असतो' असा राहू शकतो.

मागवण्याचे परिमाण बदलल्यास दोन मापांतील भेद आणखी ठळक होतो. भांडवल अडकू नये म्हणून व्यापाऱ्याने अन्य कोणाबरोबर ट्रक वाटून घेतला आणि दर वेळी २०० पोतीच मागवली, पण `R` २६० वरच ठेवली, तर आवर्तन सेवा पातळी ८४.१ टक्केच राहते. दर आवर्तनातील अपेक्षित तुटवडाही ५ पोतीच राहतो. मात्र आवर्तने १३ ऐवजी २६ होतात, वर्षाचा तुटवडा ६५ पोत्यांवरून १३० वर जातो आणि पूर्तता दर ९८.८ वरून ९७.५ टक्क्यांवर उतरतो. पुरवठा लहान हप्त्यांत घेण्याचा निर्णय घेताना केवळ पहिले माप पाहणाऱ्याला ही घसरण दिसत नाही.

## कोणते माप कोणाला

निवड तुटवड्याचा खर्च कशाप्रमाणे वाढतो यावर अवलंबून असते. व्यापाऱ्याचे नुकसान विक्री न झालेल्या पोत्यांच्या प्रमाणात होते, म्हणून त्याच्यासाठी पूर्तता दर अधिक अर्थपूर्ण आहे. तेच बेंटोनाइट स्वतःच्या भांडारात ठेवणाऱ्या फाउंड्रीची स्थिती वेगळी असते. तेथे वाळू मिसळण्याचे यंत्र एकदा थांबले की साचे बनत नाहीत आणि साचे नसले तर भट्टीतील वितळलेल्या लोखंडाला जागा नसते. पाच पोती कमी पडली किंवा पंधरा, पाळी वाया जातेच. अशा ठिकाणी खर्च प्रसंगागणिक होतो, आणि प्रसंग मोजणारी आवर्तन सेवा पातळी अधिक योग्य ठरते. तातडीने स्थानिक बाजारातून चढ्या भावाने एक टेम्पो माल आणावा लागत असेल तर त्या टेम्पोचे भाडेही प्रसंगागणिकच असते.

तुटवडा पडलाच तर तो सरासरी किती मोठा असेल, हेही दोन आकड्यांवरून सांगता येते. `R` = २६० असताना अपेक्षित तुटवडा ५ पोती आहे; पण ही सरासरी तुटवडा न पडलेली आवर्तनेही धरून काढलेली आहे. तुटवड्याची संभाव्यता १५.९ टक्के असल्याने, प्रत्यक्ष तुटवडा पडतो तेव्हा तो सरासरी ५ ÷ ०.१५९, म्हणजे सुमारे ३१ पोत्यांचा असतो. वर्षाला असे साधारण दोन प्रसंग येतात. व्यवस्थापकाशी बोलताना दोन टक्केवारींपेक्षा 'वर्षातून दोनदा, दर वेळी तीसेक पोती' हे वर्णन बहुधा लवकर समजते.

## सूत्राचा एक बारकावा

`Q` फार लहान असेल तर पूर्तता दर आवर्तन सेवा पातळीपेक्षाही खाली जातो, असे विधान अनेक टिपणांत आढळते. वरील सूत्रात `Q` = २० आणि `z` = १.६५ घातल्यास पूर्तता दर ९३.८ टक्के येतो आणि तो खरोखरच ९५.१ पेक्षा कमी दिसतो. परंतु येथे सूत्र एकच तुटवडा दोनदा मोजत असते. २० पोत्यांचा हप्ता आल्यावरही मागील थकबाकी फिटली नाही, तर उरलेली थकबाकी पुढच्या आवर्तनाच्या तुटवड्यात पुन्हा धरली जाते. हप्ता उतरल्यानंतरही शिल्लक राहणारा तुटवडा वजा केला की दुरुस्त सूत्र मिळते:

```
ES = σ × [ L(z) − L(z + Q/σ) ]
```

या सूत्राने अपेक्षित तुटवडा १.२४ ऐवजी ०.७० पोती येतो आणि पूर्तता दर ९६.५ टक्के होतो. पोती एकेक करून उचलली जात असतील आणि ग्राहक थांबायला तयार असतील, तर `R` या पातळीवर मागवण्याच्या पद्धतीत पूर्तता दर आवर्तन सेवा पातळीच्या खाली जात नाही. `Q` लहान होत जाईल तसा तो तिच्या जवळ येतो. पूर्ण ट्रकच्या बाबतीत `Q/σ` जवळपास ७ असल्याने वजा होणारे पद नगण्य असते आणि साधे सूत्र पुरते.

ग्राहक थांबत नसतील आणि माल दुसरीकडून घेत असतील तर गणित थोडे बदलते. तेव्हा आवर्तनातील एकूण मागणी `Q + ES` धरावी लागते आणि पूर्तता दर `Q / (Q + ES)` होतो. सुरक्षा साठा शून्य असताना तो ९४.० ऐवजी ९४.४ टक्के येतो. फरक लहान आहे, मात्र तुटवडा मोठा असेल तेव्हा तो दुर्लक्षिण्याजोगा राहत नाही.

## मापनातील अडचणी

सूत्राने काढलेला आणि वहीवरून मोजलेला पूर्तता दर बहुधा जुळत नाही. त्याचे सर्वांत सामान्य कारण न नोंदलेली मागणी हे होय. फाउंड्रीतून दूरध्वनी येतो, माल नाही असे सांगितले जाते आणि ग्राहक दुसऱ्या दुकानात जातो. विक्रीच्या वहीत या प्रसंगाचा मागमूस राहत नाही. केवळ नोंदलेल्या मागण्या पाहिल्या तर पूर्तता दर १०० टक्क्यांच्या आसपास दिसतो. याचा दुसरा परिणाम अधिक घातक आहे: मागणीची सरासरी आणि प्रमाण विचलन हे दोन्ही विक्रीवरून काढल्यास ते खऱ्यापेक्षा कमी येतात, त्यावरून ठरवलेली पुनर्मागणी पातळी खाली जाते आणि तुटवडा वाढतो. साठावहीत शिल्लक शून्य असलेले दिवस मोजून त्यांना दैनंदिन सरासरी मागणीने गुणले, तर हुकलेल्या विक्रीचा ढोबळ अंदाज मिळतो. तो सूत्रातील वार्षिक तुटवड्याहून बराच मोठा असेल, तर आधी मागणीची आकडेवारी तपासणे इष्ट.

दुसरे कारण घाऊक उचल. सूत्र असे गृहीत धरते की साठा नेमका `R` वर असताना ट्रक मागवला जातो. प्रत्यक्षात साठा २७० असताना एखादी फाउंड्री एकदम ५० पोती उचलते आणि मागणी नोंदवली जाते तेव्हा हातात २२० च उरतात. अशी घसरण सरासरी २० पोत्यांची असेल, तर `R` = २६० चे व्यवहारातील मूल्य २४० होते. `z` ०.६७ वर येतो, आवर्तन सेवा पातळी ८४ वरून ७५ टक्क्यांवर आणि अपेक्षित तुटवडा ५ वरून ९ पोत्यांवर जातो. उपाय सरळ आहे: सरासरी घसरणीइतकी पोती `R` मध्ये वाढवणे. तरीही प्रत्यक्ष वापरात हीच दुरुस्ती सर्वाधिक वेळा राहून जाते.

आवर्तन सेवा पातळी पडताळणे तर आणखी कठीण असते, कारण वर्षाला १३ च निरीक्षणे मिळतात. १३ पैकी ११ आवर्तने निर्वेध गेली एवढ्यावरून खरी पातळी ७५ टक्के आहे की ९० टक्के, हे सांगता येत नाही.

## इतिहास

फोर्ड हॅरिस यांनी १९१३ साली किफायतशीर मागणी परिमाणाचे सूत्र मांडले. त्यात मागणी निश्चित मानलेली असल्याने तुटवड्याच्या संभाव्यतेचा विचार नव्हता. अमेरिकन संशोधक रॉबर्ट ब्राउन यांच्या १९५९ आणि १९६७ मधील पुस्तकांनी अंदाजातील चुकांवरून सुरक्षा साठा ठरवण्याची पद्धत उद्योगांत रुजवली. जॉर्ज हॅडली आणि टी. एम. व्हिटिन यांच्या १९६३ मधील ग्रंथात पुनर्मागणी पातळीच्या प्रतिमानांची सविस्तर गणिती मांडणी आढळते. एडवर्ड सिल्व्हर यांच्या पाठ्यपुस्तकांत या दोन मापांना `P1` आणि `P2` अशी चिन्हे आहेत, तर अन्य काही ग्रंथांत `α` आणि `β` सेवा पातळी असे शब्द येतात. वाचताना चिन्हांतील हा फरक ध्यानात ठेवावा लागतो.

## प्रसामान्य गृहीतकाच्या मर्यादा

मागणी क्वचित आणि मोठ्या हप्त्यांत येणाऱ्या वस्तूंसाठी, उदाहरणार्थ महिन्यातून एखाद्या वेळी विकल्या जाणाऱ्या यंत्राच्या सुट्या भागासाठी, प्रसामान्य वितरण उपयोगी पडत नाही. तेथे पॉयसन किंवा तत्सम वितरण वापरतात. प्रमाण विचलन सरासरीच्या निम्म्याहून अधिक असेल तर प्रसामान्य वितरण ऋण मागणीलाही दखलपात्र संभाव्यता देऊ लागते, हे त्याचे एक सहज दिसणारे लक्षण आहे. शिरोलीच्या उदाहरणात ६० आणि २०० यांचे गुणोत्तर ०.३ असल्याने ही अडचण येत नाही.

कोल्हापुरात अधिक गंभीर मर्यादा पुरवठा कालावधीच्या बाजूने येते. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ मध्ये पंचगंगेच्या महापुराचे पाणी शिरोलीजवळ पुणे-बंगळूर राष्ट्रीय महामार्गावर आले आणि महामार्ग काही दिवस बंद राहिला. ट्रक एक आठवडा उशिरा येणे हे ०.४ आठवडा या प्रमाण विचलनाच्या अडीच पट आहे. प्रसामान्य वितरणानुसार अशी वेळ शेकडा एकदाही येऊ नये. पुराच्या वेळी मात्र तो उशीर योगायोगाचा राहत नाही, कारण वाटेतील सगळेच ट्रक एकत्र अडतात. पुरवठा तीन आठवड्यांवर गेल्यास त्या काळातील सरासरी मागणीच ३०० पोती होते आणि `R` = २६० असलेल्या गोदामात सरासरीने पाहिले तरी ४० पोती कमी पडतात. पुरात काही फाउंड्री स्वतःच बंद राहत असल्याने मागणीही घटते, पण पाणी ओसरल्यावर थांबलेले काम भरून काढताना ती एकदम परत येते.

अशा घटना `σ` मध्ये मिसळल्यास ते वर्षभरासाठी फुगते आणि जानेवारीतही विनाकारण जादा माल पडून राहतो. म्हणून नेहमीच्या चढउतारांसाठी हानी फलनावर आधारित सुरक्षा साठा आणि जुलै-ऑगस्टपुरता एका आठवड्याच्या खपाइतका, म्हणजे सुमारे १०० पोत्यांचा, वेगळा साठा असे दोन हिशेब स्वतंत्र ठेवणे सोयीचे ठरते. बेंटोनाइट ओलावा शोषून घेणारी माती असल्याने हा जादा साठा जमिनीपासून उंच फळ्यांवर आणि पूररेषेबाहेरच्या गोदामात ठेवावा लागतो; भिजलेली पोती साठावहीत शिल्लक दिसतात, पण ग्राहकाला देता येत नाहीत.